वर्ष कुठलं धरायचं?

“मॅडम, मजकुरातले संदर्भ आणि शेवटची यादी मी एकेक करून ताडून पाहिलीय. एकाच लेखाचं वर्ष जुळत नाही. प्रकरणात २०१९ आहे, यादीत २०२०. सोमवारी प्रबंध जमा करायचाय. बघाल का?”

नेरूळहून येणाऱ्या एका पीएच.डी.च्या मुलीची ही चिठ्ठी आज लायब्ररीत टेबलावर होती. एरवी “यादी चेक करून द्या” एवढंच येतं, आणि सत्तर पानांच्या यादीत नक्की काय बघायचं ते आम्हीच शोधायचं. हिनं नेमकी शंका लिहिली होती, सोबत लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांकही.

तो doi.org वर टाकला. लेख तोच उघडला. प्रकाशकाच्या पानावर दोन तारखा होत्या: ऑनलाइन आला नोव्हेंबर २०१९मध्ये, अंकात छापला गेला मार्च २०२०मध्ये. म्हणजे दोन्ही वर्षं खरी! पण तिच्या यादीत खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक दिले होते, ते मार्चच्या अंकाचे. संदर्भ लिहिण्याच्या एपीए पद्धतीत अंतिम आवृत्तीचं वर्ष धरतात, म्हणून दोन्हीकडे २०२० करायला सांगितलं.

हा घोळ बहुतेकदा संदर्भ जमवून यादी करणाऱ्या झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमधून येतो. तिथं आपोआप भरलेली तारीख कधी ऑनलाइनची असते, कधी अंकाची. डीओआय बरोबर असतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

मनात राहिलं ते एवढंच: अशी नेमकी चिठ्ठी लिहायला आपण मुलांना पहिल्याच वर्षी का शिकवत नाही?