लाकडाच्या लेथवरील नोंद: स्पिंडलचे ३९ फेरे कुठे गेले?

मागच्या नोंदीत मोटर आणि स्पिंडल यांच्या पुली बसवून झाल्या होत्या. या खेपेस स्पिंडल खरोखर किती वेगाने फिरते हे मोजले आणि माझा कागदावरचा आकडा चुकला असल्याचे लक्षात आले. मोटरच्या पुलीचा बाहेरचा व्यास ८० मिमी आहे आणि स्पिंडलच्या पुलीचा १४० मिमी. टॅकोमीटरवर मोटर मिनिटाला १४७० फेरे दाखवत होती, म्हणून स्पिंडल १४७० × ८० ÷ १४० म्हणजे ८४० फेरे घेईल असे मी धरले होते. प्रत्यक्षात ती ८०१ फेरे घेत होती. (पहिले वाचन तर १६०२ आले होते. चकवरील चकचकीत स्क्रू परावर्तक पट्टीसारखाच उजेड परत फेकत होता, त्यामुळे एका फेऱ्यात दोनदा मोजणी होत होती. स्क्रूवर काळा रंग लावल्यावर आकडा बरोबर निम्मा झाला.)

दोन पुलींना जोडणारा दुवा पट्टा आहे. एका शाफ्टवरील प्रत्येक बिंदूचा कोनीय वेग ω सारखाच असतो, पण पट्टा ज्या दोन पुलींवरून जातो त्यांचे कोनीय वेग वेगळे असतात आणि सारखा असतो तो फक्त पट्ट्याचा रेषीय वेग, म्हणजेच v = ωr. येथे r कुठपर्यंत मोजायचा, हाच खरा प्रश्न होता. व्ही-पट्टा पुलीच्या कडेवर नव्हे, तर खाचेत बसतो आणि वळताना त्याच्या जाडीतील ज्या थराची लांबी बदलत नाही तो थर कडेपासून थोडा आत असतो. ए आकाराच्या पट्ट्यासाठी मी हे अंतर प्रत्येक बाजूला ३.३ मिमी धरले, म्हणजे कामाचे व्यास ७३.४ आणि १३३.४ मिमी झाले. दोन्ही व्यासांतून ६.६ मिमीच वजा होतात, पण लहान पुलीला ते जास्त जाणवतात आणि त्यामुळे गुणोत्तरच बदलते. नव्या आकड्यांनी स्पिंडलचे फेरे ८०९ येतात. उरलेला ८ फेऱ्यांचा फरक सुमारे एक टक्का आहे. तो पट्टा किंचित सरकण्यात आणि माझ्या व्यास मोजण्यातील चुकीत गेला, असे मानायला माझी हरकत नाही.

लाकडाला मात्र फेऱ्यांशी देणेघेणे नसते. हत्याराच्या धारेखालून ते किती वेगाने सरकते, यावर काप ठरतो. ८०१ फेरे म्हणजे सेकंदाला ८३.९ रेडियन. माझ्या ताटलीच्या ठोकळ्याची त्रिज्या १३० मिमी आहे, तेव्हा कडेचा वेग सेकंदाला १०.९ मीटर होतो, तर मध्यापासून ५ मिमीवर तो जेमतेम ०.४२ मीटर उरतो. कडेला लांब, सलग सोलपटे निघत होती, पण मध्याकडे सरकताना तीच धार, तोच कोन ठेवूनही तंतू उपटले जाऊ लागले. धार बोथट झाली असावी असे आधी वाटले, परंतु हत्यार पुन्हा कडेला नेले तेव्हा ते पूर्वीसारखेच स्वच्छ कापत होते. आता मध्यावर मी पातळ काप घेतो आणि हत्यार फार हळू पुढे नेतो.

इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० ठेवावा, हा कातकामातील प्रचलित नियमही उलगडून पाहिला. तो मुळात कडेच्या रेषीय वेगाचाच नियम आहे: ६००० म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मीटर आणि ९००० म्हणजे सुमारे १२. माझी ताटली त्यात बसते. पण २६० मिमी बाजूचा चौकोनी ठोकळा तसाच लावला असता, तर कोपऱ्याची त्रिज्या १८४ मिमी आणि तेथील वेग १५.४ मीटर झाला असता. म्हणूनच ठोकळा आधी करवतीने गोल करून घेतला. ठोकळ्याचा तोल बिघडलेला असेल तर हा नियम काहीच सांगत नाही. तेव्हा थरथर पाहूनच वेग कमी करावा लागतो.

शेवटी जाड काप घेताना दोन्ही शाफ्ट पुन्हा मोजले. मोटर १४४० वर आली आणि स्पिंडल ७६० वर. केवळ मोटर मंदावली असती, तर दोन्ही आकडे एकाच प्रमाणात घटले असते आणि स्पिंडलने सुमारे ७८५ दाखवले असते. गुणोत्तरच बदलले, याचा अर्थ भार आल्यावर पट्टा घसरत होता. मोटरचा पाया ४ मिमी मागे सरकवून पट्टा ताणला आणि तसाच काप पुन्हा घेतला. मोटर १४४० वरच राहिली, स्पिंडल मात्र ७८२ वर टिकून राहिली.