काष्टा परत सोडला आज
आज बुटिकच्या शूटसाठी मॉडेलला नऊवारी नेसवली, जड जरीकाठाची. कमरेची गाठ घट्ट बसली, पुढच्या निऱ्या पण एकसारख्या आल्या, पण काष्टा मागे खोचून तिला पाटावर बसवून बघितलं तर काठ घोट्यावरून पार पोटरीपर्यंत वर चढलेला! उभं असताना हे अजिबात कळत नाही हो, आणि नवरी तर विधींना पाटावरच बसून असते. मी काष्टा फारच ओढून खोचला होता. मग तो सगळा सोडला, तिला पाय जरा फाकवून गुडघ्यात थोडं वाकायला सांगितलं, तेवढं सैल ठेवून काठाच्या बारीक चुण्या चिमटीत धरून मागे बरोब्बर मधोमध खोचल्या. परत बसवलं, काठ घोट्यावरच राहिला. इतकं बरं वाटलं ना!