धुऱ्याचा दगड

“तुम्ही इतक्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचता. पूजाअर्चा, उपासतापास बाजूला ठेवले तर त्यांत रोजच्या वागण्याबद्दल काही हाती लागतं का?”

तुम्ही विचारलंत म्हणून वहीतलं एकच पान उघडतो. त्या पानाच्या वर मी ‘धुरा’ एवढंच लिहिलंय. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला धुरा कोरणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. नांगरट करताना शेवटचं तास जरासं शेजाऱ्याच्या अंगानं घालायचं. एका वर्षात अर्धा फूट गेला तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण धुरा ६०० फूट लांब असेल तर अर्ध्या फुटाचे ३०० चौरस फूट होतात, आणि दहा वर्षांत ३,०००. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पावणेतीन गुंठे गेले. चोरी झाली, पण ती अमुक दिवशी झाली असं कुणालाच दाखवता येत नाही.

आमच्या वडिलांनी हे केलं. पलीकडचं शेत चुलतीचं. चुलते लवकर गेले, मुलगा लहान होता. वडील दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला पायी जायचे, गळ्यात माळ होती, कुणाला वाकडं बोलले नाहीत. त्यांची वारी खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण धुरा बारीक होत गेला, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून असल्या ग्रंथांत मी आधी धुरा शोधतो.

सगळ्यांत जुना सापडला तो इजिप्तमध्ये. आमेनेमोपे नावाचा एक अधिकारी, धान्याचा आणि शेतांच्या हद्दींचा कारभार बघणारा. त्यानं धाकट्या मुलाला केलेला उपदेश तीस प्रकरणांत आहे, आणि त्याला साधारण तीन हजार वर्षं झाली. नाईलचा पूर दरवर्षी शेतांच्या खुणा पुसून टाकायचा आणि मग दोरीनं नव्यानं मोजणी व्हायची. त्यामुळे सहाव्या प्रकरणात तो मुलाला नुसतं ‘लोभ धरू नको’ म्हणत नाही. हद्दीची खूण हलवू नको, मोजणीची दोरी सरकवू नको, हातभर जमिनीसाठी हावरा होऊ नको, विधवेच्या हद्दीत शिरू नको, असं एकेक करून सांगतो. ज्यानं मोजणीदारांचं काम जवळून पाहिलंय त्याचीच ही भाषा आहे. जुनी झिजलेली सरी लपवून खोटी शपथ घेणारा चंद्राच्या शक्तीच्या तावडीत सापडेल, असंही तो बजावतो. चंद्र म्हणजे थोथ, हिशेब आणि लेखन सांभाळणारा देव. रात्री धुरा सरकवणाऱ्याला चंद्रानं पकडावं, हे मला फार नेमकं वाटतं.

आता बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक घ्या. १९२३ साली आमेनेमोपेचा पपायरस छापून आला आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान या जर्मन अभ्यासकानं दाखवून दिलं की नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातल्या सतराव्या ओवीपासून पुढचा भाग त्याच्याशी जागोजागी जुळतो. तिथल्या एका हिब्रू शब्दाचा अर्थ नीट लागत नव्हता. तो ‘तीस’ असा वाचला की ‘मी तुझ्यासाठी तीस वचनं लिहिली नाहीत का’ असं सरळ वाक्य होतं. तीस म्हणजे आमेनेमोपेच्या प्रकरणांचा आकडा.

त्या भागात धुऱ्याचा दगड दोनदा येतो. पूर्वजांनी रोवलेला दगड हलवू नको, असं एकदा. तेविसाव्या अध्यायात पुन्हा: जुना दगड हलवू नको आणि पोरक्यांच्या शेतात शिरू नको. काही अभ्यासकांना वाटतं की दुसऱ्या ठिकाणी मूळ शब्द ‘जुना’ नसून ‘विधवेचा’ असावा, कारण हिब्रूत ते दोन शब्द दिसायला जवळचे आहेत आणि आमेनेमोपेतही विधवाच आहे. पण माझा जीव त्याच्या पुढच्या ओळीत अडकतो. त्या पोरक्यांचा ‘गोएल’ बलवान आहे, तो तुझ्याविरुद्ध त्यांची बाजू लढवेल, असं ती म्हणते. गोएल म्हणजे भाऊबंदांतला जवळचा माणूस. नातलगाला गरिबीनं जमीन विकावी लागली तर ती सोडवून आणणं हे त्याचं काम. पोरक्या पोराच्या पाठीशी असा कुणी नाही, म्हणून तर त्याच्या शेतात शिरायला माणूस धजतो. आणि ओळ सांगते की त्याला भाऊबंद आहे, आणि तो देव आहे.

हाच दगड कायद्यातही आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याची खूण सरकवणाऱ्याला शाप दिलाय आणि सगळ्या लोकांनी मिळून ‘आमेन’ म्हणायचंय. तो चारचौघांतला विधी झाला. नीतिसूत्रं मात्र बापानं पोराशी घरात बोलावं तशी बोलतात. धुरा कोरला जातो तेव्हा पंच नसतात, तलाठी नसतो. तिथं उपयोगी पडलं तर असं घरातलंच बोलणं पडेल.

पण त्याचा उपयोग होतोच असंही नाही, आणि हे त्याच ग्रंथांना ठाऊक आहे. बायबलमधल्याच ईयोबाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, तक्रार आहे ती हीच: लोक हद्दीचे दगड सरकवतात, पोरक्यांचं गाढव हाकून नेतात, विधवेचा बैल गहाण म्हणून ओढून नेतात, आणि देव लक्ष देत नाही. नीतिसूत्रांतलं ‘तो बाजू लढवेल’ हे वाक्य लेखी हमीसारखं वाचलं तर ईयोब ते तिथंच खोडून काढतो. दोन्ही पुस्तकं एकाच ग्रंथात शेजारी ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

आपल्याकडची विदुरनीती उद्योगपर्वात, तेहतीस ते चाळीस अध्यायांत येते. लोक तिच्यातले सुटे श्लोक पाठ करतात आणि प्रसंग विसरतात. प्रसंग भाऊबंदांच्या जमिनीच्या वाटणीचा आहे. धृतराष्ट्राला झोप येत नाही म्हणून तो रात्री धाकट्या भावाला बोलावतो. विदुर आधी झोप कुणाची उडते ते सांगतो, आणि त्या यादीत ‘हृतस्व’ आणि ‘चोर’ दोघंही आहेत. ज्याचं गेलं तोही जागा, ज्यानं नेलं तोही जागा. इथं चंद्र नाही, गोएल नाही. फक्त उडालेली झोप आहे. त्या जागरणातून विदुर हळूहळू पांडवांचा वाटा देऊन टाक इथपर्यंत येतो. राजाला सगळं पटतं. शेवटी तो कबूल करतो, की तू म्हणतोस तशीच माझी बुद्धी होते, पण दुर्योधन समोर आला की पुन्हा फिरते.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वही मिटून बसलो होतो. वडील वारीहून आले की आठ-पंधरा दिवस चुलतीकडे जात, तिच्या पोराला जवळ घेत. मग नांगरटीचे दिवस यायचे.

आता शेत धाकटा भाऊ बघतो. गेल्या दिवाळीला त्याच्याशी बोललो. “दादा, खरंय तुझं,” म्हणाला, आणि पेरणीच्या गडबडीत विषय राहिला. या उन्हाळ्यात मी मोजणीचा अर्ज भरलाय, चुलतीच्या पोराची सही घेऊन. नोटीस आली की मोजणीदार येईल. भाऊ म्हणाला, दगड रोवायला मी येतो. चुलतीला उन्हात चालवत नाही, पण तिनं सांगून ठेवलंय की तिला बैलगाडीतून न्यायचं.