लाभांशातून कापलेले १० टक्के

“लाभांश देतानाच कंपनीने १० टक्के कर कापला आहे. मग तो विवरणपत्रात पुन्हा कशाला दाखवायचा? आणि शेअर घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज पूर्ण का वजा होत नाही?”

कापलेले १० टक्के ही तुमच्या नावे आगाऊ जमा झालेली रक्कम असते. त्याने तुमची करदेयता संपत नाही. १ एप्रिल २०२० पूर्वी कंपनी स्वतः लाभांश वितरण कर भरत असे, तो रद्द झाल्यापासून लाभांश भागधारकाच्या हातात ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून त्याच्या स्लॅबच्या दराने करपात्र ठरतो.

२०२५-२६ या आर्थिक वर्षातला एक हिशेब पाहू. समजा, एका कंपनीकडून ५२,००० रुपये लाभांश जाहीर झाला आणि दुसरीकडून ८,०००. पहिलीने कलम १९४ खाली ५,२०० रुपये कापून ४६,८०० जमा केले. दुसरीचा लाभांश वर्षभरात १०,००० रुपयांच्या आत असल्यामुळे तिने काहीच कापले नाही. ही मर्यादा प्रत्येक कंपनीसाठी स्वतंत्र मोजली जाते. पासबुकात एकूण ५४,८०० रुपये दिसतात, आणि नेमकी हीच रक्कम उत्पन्न म्हणून लिहिण्याची चूक मी दरवर्षी पाहतो. उत्पन्न ६०,००० रुपये आहे. फॉर्म २६एएसमध्ये करकपात झालेला पहिला लाभांश सापडेल, पण दुसऱ्यासाठी वार्षिक माहिती विवरण आणि बँकेच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. कर कापला नाही म्हणून ते ८,००० करमुक्त होत नाहीत.

आता व्याज. शेअर तारण ठेवून काढलेल्या कर्जातून हेच शेअर घेतले असतील आणि वर्षभरात १८,००० रुपये व्याज भरले असेल, तरी कलम ५७ नुसार लाभांशाच्या २० टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १२,००० रुपयेच वजा होतात. हे २० टक्के हाती आलेल्या रकमेवर नव्हे, तर करकपातीपूर्वीच्या ६०,००० रुपयांवर मोजायचे असतात. उरलेले ६,००० पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. डिमॅटचे शुल्क किंवा दलाली लाभांशातून अजिबात वजा होत नाही. ही मर्यादा मला कठोर वाटते, कारण कर्जाचे व्याज लाभांशाच्या प्रमाणात येत नाही. पण कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत.

म्हणून करपात्र लाभांश ४८,००० रुपये. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर त्यावरचा कर १४,४०० आणि ४ टक्के उपकर ५७६, असे १४,९७६ रुपये होतात. त्यातून कापलेले ५,२०० वजा जाता ९,७७६ रुपये तुम्हाला भरायचे राहतात. ज्यांचा एकूण कर कापलेल्या रकमेपेक्षा कमी भरतो, त्यांना विवरणपत्र भरल्यावर फरक परत मिळतो.