आमची वाटचाल : खालचे पाच इंच

सांगलीत आमचं दुकान सुरू झालं ते दोघांच्या जोरावर. कॉम्प्युटरवर मी बसायचो, फ्लेक्स मशीन भागीदार सांभाळायचा. बोर्ड, पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी कामं रोजची होती, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. लिहायचं आहे ते चाळीस स्टँडींबद्दल, कारण त्या चाळीस स्टँडींनी आम्हाला जवळजवळ बुडवलं होतं.

शेतीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीची ऑर्डर होती. कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी अडीच बाय सहाच्या चाळीस रोल-अप स्टँडी. मी फाइल बरोब्बर ३० बाय ७२ इंचाची केली. सगळ्यात खाली लाल पट्टी, पट्टीत विक्रेत्याचं नाव आणि मोबाइल नंबर. स्क्रीनवर देखणी दिसत होती. आदल्या रात्री भागीदाराने पहिली स्टँडी उभी केली आणि मला हाक मारली. लाल पट्टी कुठेच नव्हती. नंबरासकट सगळी पट्टी खालच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात गेली होती.

ज्यांनी स्टँडी फक्त स्टॉलवर पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. डब्यात स्प्रिंगचा रोलर असतो आणि रोलरला एक पट्टा चिकटवलेला असतो. आपल्या प्रिंटची खालची कड दुहेरी टेपने त्या पट्ट्याला जोडायची, वरची कड पकडपट्टीत अडकवायची आणि मागच्या दांड्यावर ताणून उभी करायची. प्रिंट उभी असतानाही तिचा खालचा भाग फटीच्या आतच राहतो. पट्टा लांब असेल तर कमी राहतो, आखूड असेल तर जास्त. म्हणजे ‘सहा फुटी स्टँड’ म्हणून बाजारात जे मिळतं, त्याला सहा फुटी फाइल दिली की मजकूर आत जाणार हे ठरलेलंच.

कंपनीने पैसे दिले नाहीत, आणि द्यायचं कारणही नव्हतं. चाळीसही प्रिंट आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा काढल्या, त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं. पुढच्या चार महिन्यांत भागीदार वेगळा झाला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरी लग्न होतं. राग आहे तो समोरच्या दुकानदारावर. ‘त्यांच्याकडचे नंबर डब्यात जातात’ असं त्याने आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. स्वतः मात्र पातळ फ्लेक्सवर स्वस्तात स्टँडी छापून द्यायचा. दोन दिवस उन्हात उभ्या राहिल्या की त्यांच्या दोन्ही कडा पन्हाळीसारख्या आत वळायच्या आणि काठाजवळची अक्षरं दुमडून जायची. हे कोणी बोललं नाही. आमची एक चूक गावभर झाली, त्याच्या शंभर स्टँडी वळल्या तरी ‘हवाच तशी आहे’ म्हणून खपल्या.

त्या पडत्या दिवसांत हळदवाल्या काकू आल्या. बचत गटाची हळद घेऊन त्या पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांना जायच्या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं आणि ते त्यांना ठळक दाखवायचं होतं. आमची गोष्ट त्यांच्याही कानावर गेलीच होती. त्या म्हणाल्या, ‘‘चूक झालेला माणूस पुढच्या वेळी दोनदा मोजतो. माझी करा.’’ आणि अर्धे पैसे टेबलावर ठेवले.

मी खरंच मोजलं. आधी रिकामा स्टँड आणला, त्यात एक जुनी टाकाऊ प्रिंट लावून उभी केली आणि डब्याच्या फटीला लागून पेन्सिलने रेघ मारली. मग ती सोडवून रेघेखालचा भाग टेपने मोजला. पाच इंच भरला. वरच्या पकडपट्टीत एक इंच जात होता. दिसणारा भाग ७२ इंच हवा होता, म्हणून फाइल ३० बाय ७८ ची. कोरलमध्ये तळापासून पाच इंचांवर आडवी गाइडलाइन टाकली. तिच्या खाली अक्षर नाही, चित्राचा महत्त्वाचा भाग नाही, चौकटीची किनारही नाही. पार्श्वभूमीचा रंग मात्र अगदी तळापर्यंत सोडला. दांडा दोन सूत जास्त ताणला गेला तर फटीतून पांढरी पट्टी डोकावू नये म्हणून. किनार का नको? जमीन थोडी असमान असली की डबा कलतो, आणि डब्याला समांतर नसलेली किनार लांबूनही वाकडी दिसते.

पण डब्यापासून मजकूर वाचवला म्हणजे काम झालं, असं नाही. स्टॉलवर टेबल असतं अडीच फूट उंच. त्यावर पाकिटं रचलेली, पुढे गिऱ्हाइकं उभी. काकूंना मी म्हटलं, ‘‘जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचं कोणाला दिसणार नाही असं धरून चला.’’ त्या भागात फक्त हळदीच्या शेताचा फोटो घेतला. ‘सांगलीची हळद’ हे सगळ्यात वर, चार इंच उंच अक्षरात, कारण गर्दीत डोक्यांच्या वर तेवढंच दिसतं. त्याखाली पाकिटाचा फोटो, मग नजरेच्या उंचीला मानांकनाची ओळ आणि आणखी दोनच ओळी. काकूंच्या वहीत अकरा ओळी होत्या. आठ काढायला तासभर लागला आणि त्या थोड्या रुसल्याही. फोन नंबर आणि क्यूआर कोड जमिनीपासून चार फुटांवर. कोड चार इंचांचा ठेवला, म्हणजे टेबलापलीकडून मोबाइल धरला तरी स्कॅन होतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे, कडा थोड्या वळल्या तरी अक्षराला धक्का नको. आणि छापली वळायला कमी अशा न फाटणाऱ्या शीटवर.

नव्या डिझायनर पोरांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. देवनागरी अक्षराची उंची इंग्रजीच्या हिशोबाने धरू नका. वेलांटी, रफार, उकार सगळं त्याच उंचीत बसतं, त्यामुळे मधलं अक्षर बारीकच राहतं. एक ओळ खऱ्या मापात ए-फोरवर काढा, भिंतीला चिकटवा आणि दहा फुटांवरून वाचा. फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदला, नाहीतर प्रिंटरकडे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. आणि प्रिंट पट्ट्याला काटकोनातच चिकटवा. सुरुवातीला चिमूटभर तिरकी बसली तरी गुंडाळताना ती एका बाजूला सरकत जाते आणि डब्याच्या टोकाला घासून कड फाटते. नव्या स्टँडचा रोलर अडवून धरणारी पिनही प्रिंट लावून होईपर्यंत काढू नका. आधी काढली तर पट्टा सपकन आत जातो, स्प्रिंगचा ताण सुटतो आणि तो परत भरत बसावं लागतं.

काकू मुंबईहून आल्या त्या तीन प्रिंट वाढवून मागत. गटातल्या दुसऱ्या बायकांना मिरची, काकवी आणि बेदाण्यासाठी हव्या होत्या. सोसायटीचा शेवटचा हप्ता त्याच वर्षी फिटला. समोरचा दुकानदार अजून आहे आणि त्याचा दर अजूनही आमच्यापेक्षा कमी आहे.

काकूंचा स्टँड मात्र अजून तोच आहे, प्रिंट तेवढी तीनदा बदलली. दर वेळी त्या डबा दुकानात घेऊन येतात, मी पुन्हा जुनी प्रिंट लावून फटीपाशी रेघ मारतो. डब्याच्या मागे काळ्या मार्करने लिहिलेला ‘५’ पुसट झाला होता, मागच्या खेपेला तो मी पुन्हा गिरवला.