ज्ञानेश्वरी 37 हप्त्यांत: तिसाव्या आठवड्याची नोंद

आजचा रविवार आमच्या वेळापत्रकात मोकळ्या आठवड्याचा शेवट. जानेवारीत सुरुवात केली, तीस आठवडे झाले. कट्ट्यावर अकरा जण आहेत आणि सगळे चौदाव्या अध्यायाच्या शेवटी आले आहेत. फक्त एका ताईंची तेराव्यातली शंभर ओव्यांची थकबाकी उरली आहे, तिचा हिशेब पुढे देतो. यादीत ज्ञानेश्वरी, मग चांगदेव पासष्टी आणि शेवटी अमृतानुभव आहे. ही यादी आठवड्यांवर कशी पसरली आणि मागे पडलेल्यासाठी कोणता नियम कामी आला, हे आज लिहून ठेवतो. असंच वाचन सुरू करणाऱ्या दोघा-तिघांनी विचारलंही होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही "आठवड्याला एक अध्याय" असं ठरवलं होतं. अठरा अध्याय, अठरा आठवडे. पहिले पाच अध्याय झाले आणि सहाव्यात वाचन थांबलं. का थांबलं ते ओव्यांची संख्या मांडल्यावर लगेच दिसतं: पाचव्यात 180 ओव्या, सहाव्यात 497. एकाच आठवड्यात काम पावणेतीनपट झालं. पुढे तर तेरावा सुमारे 1170 आणि अठरावा 1810. म्हणजे शेवटचा अध्याय पाचव्याच्या दहापट आहे. श्लोकांच्या संख्येवरूनही अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्या अध्यायात गीतेचे 72 श्लोक, पण ओव्या 375; पंधराव्यात श्लोक फक्त 20 आणि ओव्या सुमारे 600. माउली कुठे रमले आहेत त्यावर सगळं अवलंबून, आणि म्हणून मोजायची ती ओवीच.

एकूण ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर. यंदा आधी मी घड्याळ लावून बघितलं. सार्थ प्रतीतल्या 50 ओव्या, म्हणजे ओवी मोठ्याने आणि खालचा अर्थ मनात, मला चाळीस मिनिटं लागतात. आठवड्यातले पाच दिवस धरले की 250 ओव्या होतात आणि दोन दिवस हातात राहतात. या मापाने ज्ञानेश्वरीचे 37 हप्ते पडले. पहिला, तिसरा, चौथा, पाचवा, सातवा, आठवा, दहावा आणि बारावा अध्याय एकेका हप्त्यात बसतो. दहावा 335 ओव्यांचा आहे, पण विभूतींचं वर्णन सलग वाचायला हवं म्हणून तो तोडला नाही. अकराव्याला तीन हप्ते, तेराव्याला पाच, अठराव्याला सात, बाकीच्यांना दोन-दोन. दर चार हप्त्यांनंतर एक आठवडा पूर्ण मोकळा. त्या आठवड्यात नवीन काही नाही आणि रविवारची बैठकही नाही. 37 हप्ते आणि 9 मोकळे मिळून 46 आठवडे, म्हणजे कार्तिकातल्या समाधी सोहळ्याच्या आसपास पसायदान.

हप्ता पाडताना नुसता भागाकार करून चालत नाही, हे तेराव्यात कळलं. 1170 चे पाच भाग केले की पहिला 234 वर संपतो, आणि तिथे अहिंसेचं विवेचन नुकतंच सुरू झालेलं असतं. एवढा सुंदर भाग सुरू होताच सोडून रविवारी त्यावर काय बोलणार? म्हणून पहिला हप्ता अहिंसेच्या अलीकडेच संपवला आणि उरलेल्या चारांत प्रत्येकी पाच-सहा ओव्या वाढवल्या. आता हप्ता 180 ते 300 मध्ये असला आणि विषय पूर्ण होत असला की पुरे, असं धरतो.

दुसरी काळजी प्रतींची. कट्ट्यावर तीन वेगवेगळ्या सार्थ ज्ञानेश्वरी आहेत आणि त्यांत एखाद-दोन ओव्यांचा फरक पडतो. तेरावा एकीत 1169 वर संपतो, दुसरीत 1170 वर. त्यामुळे हप्त्याचा शेवट नुसत्या आकड्याने सांगत नाही. कोणत्या श्लोकावरच्या ओव्या चालू आहेत आणि पुढच्या हप्त्याच्या पहिल्या ओवीचे सुरुवातीचे दोन शब्द कोणते, हे सांगतो. सगळ्यांनी तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारून ठेवली आहे.

आता थकबाकीचा नियम. तो मार्चमधल्या एका अनुभवातून आला. कट्ट्यावरच्या एका काकांचा अकरावा आठवडा घरच्या लग्नात गेला, म्हणजे सातवा अध्याय, 210 ओव्या, पूर्ण राहिला. त्या वेळी आमचा नियम नव्हता. मागचं पूर्ण करून मगच पुढे जायचं, हे सगळ्यांना आपोआप बरोबर वाटत होतं. बाराव्या आठवड्यात आठव्या अध्यायाच्या 271 ओव्या होत्या. दोन्ही मिळून 481, पाच दिवसांत रोज 96, म्हणजे सव्वा तासाच्या वर. त्यांनी खरोखर कष्ट केले आणि 330 ओव्या वाचल्या. पण आधी सातवा, मग आठवा, त्यामुळे रविवारी ते आठव्याच्या अर्ध्यावरही नव्हते. पुढच्या आठवड्यातही तेच. नवव्या अध्यायाचा पहिला हप्ता 267 ओव्यांचा, मागचे 150 डोक्यावर, आणि बैठकीत चर्चा नेमकी त्यांनी न वाचलेल्या भागाची. चौदाव्या आठवड्यात ते आलेच नाहीत.

मी नंतर त्यांच्याजवळ बसून त्यांची प्रत चाळली. सहाव्या अध्यायाच्या समासात बारीक अक्षरात खुणा, प्रश्न, कुठे कुठे अधोरेखन. आठव्यात मात्र एक रेघही नव्हती. घाईने वाचलं की पहिल्यांदा बंद होतं ते समासातलं लिहिणं. तेव्हापासून कुणी मागे पडतंय का हे मी आकडा विचारून नाही, समास बघून ओळखतो. आकडा माणूस भिडेपोटी थोडा वाढवून सांगतो.

मग त्यांचाच आठवडा उलट क्रमाने मांडून पाहिला. 330 ओव्या त्यांनी वाचल्याच होत्या. त्यातल्या 271 आधी आठव्या अध्यायाच्या असत्या तर रविवारी ते सगळ्यांच्या बरोबर असते, आणि वर 60 ओव्या सातव्यातल्याही झाल्या असत्या. उरलेल्या 150 पंधराव्या, मोकळ्या आठवड्यात सहज संपल्या असत्या. कष्ट तेवढेच, फक्त क्रम वेगळा. यावरून नियम ठरला: चालू हप्ता आधी, पूर्ण. तो झाल्यावर थकबाकीतल्या फार तर 60 ओव्या, म्हणजे साधारण पाव हप्ता, हातातल्या दोन मोकळ्या दिवसांत. चालू हप्ता 270 च्या वर असेल तर त्या आठवड्यात थकबाकीला हात लावायचा नाही. मोकळ्या आठवड्यात एक अख्खा हप्ता भरून काढता येतो, त्याहून जास्त नाही.

आणि वरची मर्यादा 500. थकबाकी त्यापुढे गेली तर ती फेडायचीच नाही. कुणीतरी त्या भागातल्या तीस-चाळीस दुव्याच्या ओव्या निवडून देतं, त्या वाचून माणूस थेट चालू हप्त्यावर येतो, आणि राहिलेला भाग वहीच्या शेवटच्या पानावर लिहून कार्तिकानंतरसाठी ठेवतो. या मर्यादेवर आमच्यात बराच वाद झाला. "पारायणात अध्याय गाळून कसं चालेल?" असं एका आजींनी विचारलं, आणि त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण हे पारायण नाही, हा अभ्यास आहे. राहिलेला अध्याय पुढे वाचता येतो, पण कट्टा सुटला की सहसा सगळंच सुटतं. तरीही आजींनी स्वतःसाठी मर्यादा ठेवलेली नाही आणि त्यांना तसं करायची पूर्ण मोकळीक आहे.

नियमाची खरी परीक्षा वारीत झाली. एक ताई पंचविसाव्या आठवड्यात पालखीबरोबर निघाल्या आणि अठ्ठाविसाव्यात वाचनाला बसल्या. पंचविसावा मोकळा होता, म्हणजे त्यांचा एक मोकळा आठवडाही गेला, आणि तेराव्याचे शेवटचे दोन हप्ते राहिले, मिळून सुमारे 470 ओव्या. मर्यादेच्या आत, पण जेमतेम. अडचण अशी की चौदावा अध्याय तेराव्यावर उभा आहे. प्रकृती आणि पुरुषाचा विचार, आणि गुणांच्या संगाने पुरुष कसा बांधला जातो, हे तेराव्याच्या या उत्तरार्धात येतं, आणि चौदाव्यात त्याच तीन गुणांचा विस्तार आहे. ते न वाचता चौदाव्याला बसणं म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. म्हणून मी त्यांना एकविसाव्या श्लोकाच्या आसपासच्या चाळीसेक ओव्या आधी वाचायला सांगितल्या. थकबाकीच्या पहिल्या साठांत त्याच धरल्या.

अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा आठवडा चौदाव्या अध्यायाचे, हप्ते 208 च्या आसपास, म्हणजे हलके. दोन आठवड्यांत 120 ओव्या फिटल्या, 350 उरल्या. या मोकळ्या आठवड्यात त्यांनी 250 वाचल्या. उरल्या 100. आता पंधरावा येतो, त्याचे दोन्ही हप्ते 300 च्या घरात, म्हणून एकतिसाव्या आणि बत्तिसाव्यात थकबाकीला सुट्टी. मग सोळावा, हप्ते साधारण 236 चे; तेहतिसाव्यात 60, चौतिसाव्यात 40, आणि खातं पूर्ण. परवा फोनवर त्या म्हणाल्या, "दादा, वारीत हरिपाठ रोज होताच, पण परत आल्यावर पहिल्याच रविवारी बोलता आलं याचं बरं वाटलं." त्या रविवारी तमोगुणावर सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचाच होता.

पुढच्या टप्प्याची मात्र फेरमांडणी करावी लागणार. अमृतानुभवाच्या सुमारे 800 ओव्या म्हणजे याच मापाने तीन-चार हप्ते, असं मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं. या आठवड्यात पहिल्या प्रकरणातल्या वीस ओव्या वाचून बघितल्या आणि चाळीस मिनिटं तिथेच गेली. ज्ञानेश्वरीत दृष्टान्तांची रांग असते, एक नाही कळला तर पुढचा हात देतो; इथे शिव-शक्तीच्या ऐक्यावरची एकेक ओवी दोनदा-तीनदा वाचावी लागते. तेव्हा हप्ता 100 चा, आठ आठवडे, आणि थकबाकी आठवड्याला 25 पेक्षा जास्त नाही. चांगदेव पासष्टीच्या 65 ओव्या एका आठवड्यात होतील, आणि अमृतानुभवाआधी ती झाली तर सरावही होईल.

उद्यापासून पंधरावा. अश्वत्थाचं वर्णन पहिल्या हप्त्यातच संपवायचं आहे, त्यासाठी हप्त्याची रेघ कुठे मारायची ते आज रात्री तिन्ही प्रती समोर ठेवून ठरवतो आणि ओवीचे पहिले दोन शब्द सगळ्यांना कळवतो.