अडुसष्ट घरे

आजीचा सारीपाट माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या घड्यांवर कापड विरले होते, पण घरे मोजण्याइतकी शिवण शाबूत होती. अधिक चिन्हासारख्या या पटाच्या प्रत्येक फाट्यावर आठ-आठ घरांच्या तीन ओळी आहेत, आणि कडेकडेने एक फेरी पूर्ण करायला अडुसष्ट घरे ओलांडावी लागतात. शेजारी भाच्याचा लुडो पसरला होता. त्याच्या फाट्यात आठाऐवजी सहाच घरे आहेत, त्यामुळे फेरी बावन्न घरांत आटोपते.

हे आखडणे इंग्लंडात झाले. तेथे 1896 मध्ये लुडोचे पेटंट घेतले गेले. अमेरिकेत हाच खेळ त्याआधीच ‘पार्चीसी’ या नावाने विकला जात होता. त्या पटाने आणि स्पेनमधल्या ‘पार्चीस’ने मात्र अडुसष्ट घरांची फेरी जशीच्या तशी ठेवली. कवड्यांनी खेळल्या जाणाऱ्या सारीपाटाचे पचीसी हे नाव तिकडच्या जिभेवर कसे वळले, ते उच्चारातच ऐकू येते.

नावातला पंचवीसचा आकडा कवड्यांमधून आलेला आहे. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या जहाजांतून आपल्या बंदरांत उतरत आणि बाजारात चलन म्हणून फिरत. ‘कवडीमोल’ हा शब्द त्याच व्यवहाराची खूण आहे. आजी सहा कवड्या टाकत असे. दोन ते सहा उताण्या पडल्या, तर तितकेच दान. एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे धरले, तर पंचवीसचे दान चौसष्ट खेपांत सरासरी एकदाच येते. सहा, दहा किंवा पंचवीस पडले की पुन्हा टाकायला मिळते. अशी संधी आठांत एकदा येते. लुडोच्या फाशावर सहा मात्र सहांत एकदा पडतात. फाशामुळे पंचवीस घरांची उडी गेली आणि सोंगट्या थोड्या थोड्या अंतराने सरकू लागल्या. घरे कमी केली ती बहुधा त्यामुळेच असावीत, असे मला वाटते.

मला खटकतो तो दुसरा बदल. सारीपाटावर समोरासमोरचे दोघे भिडू असतात, पिवळ्या-काळ्या एका बाजूला आणि तांबड्या-हिरव्या दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्याही सर्व सोंगट्या पिकल्याशिवाय जिंकणे नाही. म्हणून स्वतःच्या घराच्या तोंडाशी पोचलेली सोंगटी आत न नेता मुद्दाम आणखी एक फेरी फिरवता येते, म्हणजे भिडूच्या मागे लागलेल्या सोंगटीला वाटेत मारता येते. आजी हे हमखास करायची, आणि समोर बसलेले आजोबा ‘आत ने, आत ने’ म्हणून कळवळायचे.

लुडो या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे ‘मी खेळतो’. त्यात भिडू नाही. परवा भाच्याची शेवटची सोंगटी घरात गेली तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘आता मला मदत कर.’ त्याने एकदा पटाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘पण मामा, तू तर हिरवा आहेस ना?’